पावती आधी, पार्सल मागून

रेल्वेने आलेलं पार्सल सोडवायला अनेकजण मालधक्क्यावर जातात. पण मालधक्का वाघिणीभर मालासाठी असतो; प्रवासी गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून उतरलेला नग पार्सल ऑफिसच्या आवक खिडकीवरच मिळतो. तिथे मूळ पावती मागतात. पावतीचा क्रमांक मोबाइलवर टाकला की सगळं कळतं, मग कागद कशाला, असा आक्षेप असतो. क्रमांकावरून माल कुठे आहे हे कळतं, तो कोणाच्या हाती द्यायचा हे पावतीच ठरवते. घेणाऱ्याच्या जागी ‘सेल्फ’ लिहिलं असेल, तर पाठवणाऱ्याने पावतीमागे सही करून ती तुमच्या नावे केलेली हवी. पावती हरवलीच तर हमीपत्र भरावं लागतं, आणि त्या धावपळीत मोफत मुदत संपली की वारफेज चढू लागतो.