एकविसावा रोजा हीसुद्धा तारीखच

माझी भाची डॉक्टर आहे आणि सध्या एम.डी. करते. मागच्या वर्षी एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. त्यांच्या विभागात दर आठवड्याला एक केस सगळ्यांसमोर मांडायची असते. तिच्या केसमधला रुग्ण जे बोलला होता ते आपल्या घरच्या दखनी वळणाच्या उर्दूत होते आणि ते मराठीत नीट कसे लिहावे हे तिला विचारायचे होते. "खाला, वीस मिनिटांचं काम आहे. नाव-गाव सगळं काढलंय मी," ती म्हणाली.

खरेच काढले होते. नाव नव्हते, वॉर्डचा नंबर नव्हता, पत्ता, मोबाइल, दाखल झाल्याची तारीख, काही नव्हते. उरले होते ते असे: अठ्ठावन्न वर्षांचे पुरुष, मुअज्जिन, पाच वर्षांपासून मधुमेह, एकविसाव्या रोज्याला असरची अजान देत असताना चक्कर येऊन पडले, मुलाने रिक्षातून आणले, शुगर ४२.

मी दुसऱ्याच ओळीला थांबले. त्या दिवशी अजान मध्येच तुटली होती, ती लाउडस्पीकरवरून सगळ्या मोहल्ल्याने ऐकली होती. मी तेव्हा स्वयंपाकघरात इफ्तारीची भजी तळायला घेत होते. पण तोपर्यंत माझी नजर खाली गेली होती. खाली त्यांच्या जुन्या आजारांची तीन ओळींची नोंद होती आणि त्यातली एक ओळ मोहल्ल्यात कोणालाही माहीत नव्हती. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. ते मला रोज शाळेच्या फाटकाशी "सलाम, टीचर" म्हणतात. त्या रविवारनंतर पुढचे काही दिवस मी फाटकातून खाली मान घालून जात होते.

(हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारले आहे. शिवाय दिवस, नमाज, हुद्दा यांपैकी काय काय बदलले आहे हे मी सांगणार नाही. सांगाडा तोच आहे.)

भाचीची चूक होती असे मी म्हणत नाही. तिला जसे शिकवले तसे तिने केले. अडचण शिकवण्यातच आहे. ओळख म्हणजे नाव, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत या गोष्टीचा कायदा आहे, त्याला हिपा म्हणतात, आणि त्यात काढून टाकायच्या अठरा गोष्टींची यादी आहे. राज्यापेक्षा लहान ठिकाणाचे नाव, वर्ष सोडून सगळ्या तारखा, फोन, फोटो, नव्वद किंवा त्याहून जास्त वय, वगैरे. तो कायदा आपल्याकडचा नाही, पण आपल्याकडचे लोकही हीच यादी समोर ठेवतात. या यादीत 'मुअज्जिन' असा शब्द कुठे नाही. शेवटचे कलम मात्र मोघम आहे, की ओळख पटवणारी इतर कोणतीही खास खूण. आणि यादीच्या पलीकडे एक अट आहे: उरलेल्या मजकुरावरून माणूस ओळखता येईल हे तुम्हाला माहीत असेल, तर यादी पुरी केलीत तरी काम झालेले नाही. मला वाटते लोक यादी वाचतात आणि ही अट सोडून देतात.

ही यादी होण्याआधीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड १९९६ साली एका कॉलेजच्या पदवीदान समारंभात सगळ्यांसमोर कोसळले. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नरांचीच जन्मतारीख असलेले सहा जण त्या शहरात निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या नोंदी स्वीनींच्या हाती आल्या.

आमच्या मोहल्ल्यात वीस डॉलरसुद्धा लागले नसते. मतदारयादी आमच्या कानात आहे.

आता तारखेचे बघा, कारण मला सगळ्यात जास्त वाटले ते याचे. भाचीने तारीख खोडली होती, पण 'एकविसावा रोजा' तसाच ठेवला होता. तिला ती तारीख वाटलीच नाही. कॉम्प्युटरलाही वाटत नाही, तो दोन तिरप्या रेघा आणि महिन्याची नावे शोधतो. पण रक्ताच्या रिपोर्टवर साल शिल्लक असले की झाले. २०२३ मध्ये महाराष्ट्रात पहिला रोजा २४ मार्चला होता, म्हणजे एकविसावा १३ एप्रिलला. चौथीतले पोरही बोटावर मोजून सांगेल. 'बकरीदच्या आदल्या दिवशी', 'गणपतीच्या पाचव्या दिवशी', 'आषाढीला पंढरपूरहून आल्यावर', या सगळ्या तारखाच आहेत आणि आपले रुग्ण तारखा याच भाषेत सांगतात. कुणी आजी ओपीडीत बसून "अकरा ऑगस्टपासून खोकला" म्हणत नाही.

मोठ्या संशोधनासाठी तारखा खोडत नाहीत, सरकवतात. बोस्टनच्या एका इस्पितळातल्या आयसीयूच्या नोंदींचा मिमिक नावाचा संग्रह जगभरचे संशोधक वापरतात. त्यात प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच अंतराने पुढच्या शतकात ढकललेल्या आहेत. ऑपरेशननंतर किती दिवसांनी ताप आला हे बरोबर राहते, पण ते कधी घडले हे कळत नाही. युक्ती चांगली आहे. आता त्या पद्धतीने सरकवलेल्या आपल्या एखाद्या कागदात 'एकविसावा रोजा' राहून गेला असे समजा. कागदावरची खोटी तारीख २ सप्टेंबर २१३१ आहे. खरी तारीख मी वर काढली तशी काढता येते. दोन्हींमधले अंतर मोजले की ढकलण्याचा आकडा हातात आला, आणि त्या आकड्याने त्या माणसाच्या फाइलमधल्या बाकीच्या सगळ्या तारखाही मागे आणता येतात. एका शब्दाने सगळे उघडते.

नावांचा घोळ वेगळा आहे आणि तो भाषेच्या शिक्षिकेला लवकर दिसतो. आपली नावे अर्थाचे शब्द असतात. रुग्णाचे नाव कमर असेल आणि कोणी 'शोधा आणि बदला' चालवले, तर कमरेचे दुखणेही नावाबरोबर जाईल. शिफा, नूर, नजर, सबा यांचेही तेच. उलट बाजूने, एकच नसीम एका कागदावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ आणि इंग्रजी कागदावर तीन तऱ्हेने लिहिलेली असते. शेख किती प्रकारे लिहितात ते माझ्या हजेरीपटात येऊन पाहा. एक स्पेलिंग खोडले की दुसरे राहते. म्हणून शेवटचे वाचन माणसानेच करायचे, आणि तेही त्या भागातल्या, ती बोली बोलणाऱ्या माणसाने. परगावच्या डॉक्टरला त्या कागदात काहीच खटकले नसते.

जाता जाता आणखी एक. भाचीच्या स्लाइडवर ईसीजीच्या पट्टीचा फोटो होता आणि त्यावरचे नाव तिने काळ्या चौकोनाने झाकले होते. मी चौकोनावर क्लिक करून तो बाजूला ओढला. खाली नाव होते. ती लाजली, मीही. नाव झाकायचे नसते, फोटोच कापून पुन्हा साठवायचा असतो. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेल्या फोटोंचेही तसेच आहे. वैद्यकीय संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिने डोळे झाकणे पुरेसे नाही असे स्पष्ट लिहून ठेवले आहे, तरी तसे फोटो अजून दिसतात.

भाची वैतागून म्हणाली, "असं सगळंच काढलं तर शिकवायचं काय, खाला?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मी तिला उलट विचारले, की या केसमधून तुझ्या वर्गाने काय शिकायचे आहे? तिने सांगितले ते असे. ते रोज सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेत. रमजान लागल्यावर तीच गोळी, तेवढ्याच मात्रेत, सेहरीला घेऊ लागले. ही गोळी खाणे असो-नसो शुगर खाली खेचते. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर रमजानमध्ये ती इफ्तारला घ्यावी, मात्रा डॉक्टरने आधी बघून घ्यावी, आणि शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडावा. हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, कारण रोजे धरणार का हे कोणी विचारलेलेच नव्हते.

मग यात मुअज्जिन कशाला हवा? अजान कशाला? आम्ही दोघींनी बसून ती नोंद पुन्हा लिहिली. 'पंचावन्न ते साठ वयोगटातले पुरुष, मधुमेह, ग्लिमेपिराइड चालू. रमजानच्या उत्तरार्धात, रोजा असताना, सेहरीला गोळी घेतल्यापासून सुमारे बारा तासांनी आणि इफ्तारला दीड-दोन तास बाकी असताना उभ्याने चक्कर येऊन पडले.' साल काढले. दाखल झाले तो 'दिवस शून्य', पुढची तपासणी 'दिवस चौदा'. मुलगा आणि रिक्षा गेली, 'नातेवाइकांनी आणले' एवढे राहिले. जुन्या आजारांच्या तीन ओळींपैकी दोन मधुमेहाशी निगडित होत्या, त्या ठेवल्या. तिसरीचा या शिकवण्याशी काही संबंध नव्हता. ती फक्त फाइलमध्ये होती म्हणून स्लाइडवर आली होती.

बारा तास राहिले, गोळी राहिली, ४२ राहिले. शिकवायचे काहीच गेले नाही. पण दरवेळी असे होत नाही हेही सांगते. कधी माणसाचा पेशा हेच कारण असते. पॉवरलूमवरच्या कामगाराच्या दम्याची केस पॉवरलूम काढून सांगता येणार नाही, आणि काढून तिथे 'दुकानदार' लिहिले तर तो खोटेपणा होईल. तपशील बदलून वाचणाऱ्याची वैद्यकीय समज चुकत असेल तर तो बदल करता येत नाही. अशा वेळी एकच वाट उरते, त्या माणसाला विचारणे. लहान गावात, दुर्मीळ आजारात, विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये असे माझे मत आहे. दाखल होतानाच्या ढीगभर कागदांवरची सही म्हणजे विचारणे नव्हे.

नवी नोंद तयार असूनही भाचीने विचारायचे ठरवले. पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा तिने त्यांना बाजूला बसवले, जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही त्यांना उर्दूत वाचून दाखवल्या. ते शांतपणे ऐकत होते. अजानच्या ओळीला ते हसले. म्हणाले, "बेटी, ती तर सगळ्यांनी ऐकली, ठेवायची तर ठेव. माझं नाव लिहिलंस तरी चालेल." मग जुनी नोंद हातात घेतली, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे आतापर्यंत किती जणांनी वाचलं?"

भाचीने मला फोनवर हे सांगितले आणि मग बराच वेळ गप्प होती. तिने त्यांना खरा आकडा सांगितला होता. त्यात मीही होते.