‘गरिबांचं ऑपरेशन’ हे नाव चुकीचं आहे

मोतीबिंदूचा विषय निघाला की नेकनूर काय, केज काय, सल्ला एकच मिळतो: ‘पैसे गेले तरी चालेल, पण लेझरवालं करा, हातानं केलेलं जुनं असतं.’ ज्याला लोक लेझर म्हणतात त्या फेकोत सहसा लेझर नसतोच. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी थरथरणारी सुई भिंग फोडते आणि तुकडे ओढून घेते. हाताची लहान छेदाची शस्त्रक्रिया, म्हणजे एसआयसीएस, हीसुद्धा बहुधा बिनटाक्याचीच असते. बुबुळाच्या कडेशेजारी पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात, त्यातून भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढतात. डोळ्यातल्या दाबानेच तो बोगदा झडपेसारखा मिटतो.

फेकोचा छेद तीन मिलिमीटरच्या आत असल्याने नंबर कमी येतो, हा आक्षेप खरा आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर झालेली तुलना 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याविना 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत सुमारे 81 टक्के, तर एसआयसीएसमध्ये 71 टक्के निघाले. चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे 98 टक्के. म्हणजे फरक आहे तो चष्म्याचा, दृष्टीचा नव्हे. खर्चाचा फरक मात्र चष्म्यापुरता राहत नाही. त्याच संशोधकांच्या हिशेबात रुग्णालयाला एक फेको सुमारे 42 डॉलरला पडली, एसआयसीएस 15 डॉलरला. यंत्र, त्याची देखभाल आणि घडीचं भिंग यांचा तो भार आहे.

खरा निर्णय गाभ्याच्या कडकपणावर व्हायला हवा. दोन्ही डोळे अडेपर्यंत थांबलेल्या म्हाताऱ्या माणसाची बाहुली थेंब टाकून मोठी केली, की भिंग पिवळसर नव्हे, तर गडद तपकिरी दिसतं. असा गाभा फोडायला सुईला जास्त वेळ आणि जास्त ऊर्जा लागते. त्याचा मागचा थर चामड्यासारखा चिवट असतो, लवकर तुटत नाही. सुईची उष्णता छेदाची कड भाजू शकते. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. फार मेल्या की बुबुळ सुजून धुरकट होतं. निष्णात हात कडक मोतीबिंदूतही फेको उत्तम करतात, हे मान्य. पण नेपाळमध्ये निष्णात हातांनीच पिकलेल्या मोतीबिंदूंवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या, आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत फेकोला सरासरी साडेपंधरा मिनिटं लागली, एसआयसीएसला नऊ. दुसऱ्या दिवशी बुबुळाची सूजही फेकोतच जास्त होती. सहा महिन्यांनंतर दोन्हींची दृष्टी सारखीच चांगली ठरली.

बीडच्या माणसासाठी फेकोची बाजू भक्कम होते ती वेगळ्याच ठिकाणी. गाभा अजून मऊ आहे आणि दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचं आहे, अशा मजुराला लहान छेद आणि लवकर स्थिरावणारा नंबर खरोखर उपयोगी पडतो. धूळ, पाचट आणि जड ओझं पहिले काही आठवडे त्यालाही टाळावंच लागतं. पण मागे गावात राहिलेल्या, गाभा तपकिरी झालेल्या त्याच्या आईला फेकोसाठी कर्ज काढायला लावण्यात काहीच अर्थ नाही.