आगाऊ पैसे आणि उरलेल्या सीटिंग

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बहुतेक पार्लरच्या काउंटरवर एकच पाटी लागते : दहा फेशियलचे पैसे भरा, बारा घ्या. गिऱ्हाइकाला दोन फुकट मिळतात, आपल्याला रोकड मिळते. भाड्याचे, बोनसचे आणि लग्नसराईच्या मालाचे पैसे एकदम उभे राहतात. यात गैर काहीच नाही. बँकेकडून इतक्या सहज कर्ज मिळालेले आम्ही तरी पाहिलेले नाही. मात्र हे कर्जच आहे, हे पाटी लावणाऱ्या अनेकींच्या वहीत दिसत नाही. वहीत दिसते ती दिवाळीची विक्री.

एक हिशेब सविस्तर मांडू. फेशियलचा दर १,००० रुपये, पॅकेज १०,००० रुपयांचे, जीएसटी धरून. अशी वीस पॅकेजेस विकली की हातात २ लाख रुपये येतात आणि डोक्यावर २४० फेशियल चढतात. एका फेशियलला २५० रुपयांचे साहित्य आणि ब्युटिशियनचा इन्सेंटिव्ह १०० रुपये धरला, तर ८४,००० रुपये पुढच्या कामासाठी आधीच लागले. सौंदर्यसेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून इनपुट क्रेडिटशिवाय ५ टक्के जीएसटी आहे आणि सेवेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर तो पैसे घेतले त्याच महिन्याच्या हिशेबात धरावा लागतो. तो झाला ९,५२४. (नोंदणी नसलेल्यांना ही ओळ लागू नाही.) राहिले सुमारे १,०६,५०० रुपये, म्हणजे दर सीटिंगला ४४४. त्यातून भाडे, वीज आणि पगार वर्षभर भागायचे आहेत. पण २ लाख एकाच खात्यात पडले, की डिसेंबरपर्यंत नवी खुर्ची येते आणि मार्चमध्ये फेशियल किट उधारीवर आणावे लागते.

पैशांइतकीच अडचण वेळेची होते आणि तिचा विचार फार कमी जणी करतात. एका फेशियलला सव्वा तास धरला, तर २४० फेशियलचे ३०० तास होतात. एक ब्युटिशियन दिवसाला सहा तास प्रत्यक्ष कामात असते असे मानले, तर २६ दिवसांत १५६ तास भरतात. म्हणजे एका मुलीचे जवळपास दोन महिन्यांचे संपूर्ण काम आपण आधीच विकून टाकले. त्यातही पॅकेजवाल्या बायका फेशियलला येतात त्या लग्नाच्या तिथींच्या आसपासच. तेव्हा ब्राइडलचे रोख पैसे देणारे गिऱ्हाईक परत पाठवायचे की पैसे भरून बसलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचे, हा पेच येतो. म्हणून पाटी लावण्यापूर्वी आपण महिन्याला किती पॅकेज-सीटिंग देऊ शकतो तो आकडा काढावा आणि त्यावरून विकायची पॅकेजेस ठरवावीत. वीस झाली की पाटी उतरवायची.

हिशेब ठेवायला सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. पैसे आले त्याच दिवशी ८४,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकावेत आणि आठवड्याला जितक्या सीटिंग झाल्या तितके ३५० रुपये मुख्य खात्यात वळवावेत. समजा नोव्हेंबरमध्ये २८ सीटिंग झाल्या, डिसेंबरमध्ये ४७. देणे राहिले १६५ सीटिंगचे आणि वेगळ्या खात्यात असायला हवेत ५७,७५० रुपये. खात्यातल्या शिलकेला ३५० ने भागायचे, येणारा आकडा रजिस्टरमधल्या उरलेल्या सीटिंगशी जुळला पाहिजे. शिल्लक कमी निघाली, तर पैसे दुसरीकडे गेले. रजिस्टरवरची संख्या गिऱ्हाइकांच्या कार्डांपेक्षा जास्त निघाली, तर कुणीतरी सीटिंग देऊन नोंद केलेली नाही. किटचा भाव वाढला, तर हा ३५० चा आकडा बदलून खात्यात भर घालायची.

नोंद चुकवण्याच्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत. एका कार्डावर बहीण येते, मैत्रिणीची सीटिंग ‘नंतर लिहू’ म्हणून राहते, कार्ड हरवले की तोंडी आकड्यावर काम चालते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक सीटिंगनंतर गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवणे : ‘आज पाचवी झाली, सात उरल्या.’ चूक असेल तर ती बाई त्याच दिवशी कळवते. तीन महिन्यांनी काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते बरे.

आता मुदत. पॅकेज सहा महिन्यांचे, संपले की पैसे बुडाले, अशी अट छापणारे पार्लर दोन सीटिंगच्या नफ्यासाठी कायमचे गिऱ्हाईक घालवते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची तरतूद आहे आणि अशा एकतर्फी अटीचा आयोगापुढे बचाव करण्याची वेळ कुणावर येऊ नये. आमचे मत असे : मुदत फुकटच्या दोन सीटिंगवर ठेवावी, पैसे भरलेल्या दहांवर नाही. आधी दहा वापरायच्या, मग दोन, आणि त्या दोन पंधरा महिन्यांच्या आत. बारा सीटिंगला बारा महिन्यांची मुदत दिली, तर एक बाळंतपण किंवा एक आजारपण आले की हिशेब बिघडतो, म्हणून पंधरा. याच नियमाने परतावाही सोपा होतो. पाच सीटिंग घेऊन बदलीच्या गावी निघालेल्या बाईला पाच हजार परत. मूळ दर १,००० हे पावतीवर लिहिलेले असले, की ८३३ ने भागायचे का हा वाद उरत नाही. जीएसटी भरला असेल आणि बिल अजून काढले नसेल, तर रिफंड व्हाउचर काढायला सीएला सांगावे.

दुकान आपल्या कारणाने किंवा सरकारी आदेशाने बंद राहिले, तर तेवढे दिवस मुदतीत मोजायचे नाहीत, हे छापून घ्यावे. २०२० मध्ये मार्चपासून बंद पडलेली पार्लर महाराष्ट्रात २८ जूनला उघडली तेव्हा केस कापणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग अशा मोजक्याच कामांना परवानगी होती. त्वचेच्या सेवांना नव्हती. फेशियलची पॅकेजेस तशीच अडकली होती.

गिफ्ट व्हाउचरची गोष्ट थोडी वेगळी. ते सेवेच्या नावाने न देता रुपयांत द्यावे. ‘एक फेशियल’ लिहिले आणि सहा महिन्यांत दर १,२०० झाला, तर फरक आपल्या खिशातून जातो. ‘१,००० रुपये’ लिहिले, तर जात नाही. अनुक्रमांक, विकल्याची तारीख, वापरल्याची तारीख आणि उरलेली रक्कम एवढे चार रकाने पुरतात. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे व्हाउचर विकणे हा स्वतः करपात्र व्यवहार नाही. कर लागतो तो त्यावर सेवा देताना. न वापरता संपलेल्या व्हाउचरच्या रकमेवरही जीएसटी नाही. पॅकेजला ही सवलत लागू धरू नये, कारण तिथे कोणती सेवा किती वेळा द्यायची ते आधीच ठरलेले असते. दोन्ही रजिस्टरे वेगळी ठेवा.

आणि पार्लर विकताना किंवा भागीदारी मोडताना उरलेल्या सीटिंग मोजायला विसरू नका. १६५ सीटिंग देणे असलेले दुकान घेणाऱ्याने ५७,७५० रुपयांचे वेगळे खाते ताब्यात मागावे किंवा तेवढी रक्कम किमतीतून वळती करावी आणि विक्रीच्या कागदात गिऱ्हाइकांची यादी नावानिशी जोडावी. यादी नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून जुनी कार्डे घेऊन येणाऱ्या बायकांची फेशियल नव्या मालकिणीलाच करावी लागतील.