रसग्रहणाचे तीन कप्पे आणि पंचाहत्तर मिनिटे

नोकरीनिमित्त परप्रांतांत व परदेशांत राहणाऱ्या आमच्या अधिकारी बांधवांची काही मुले इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटच्या शाळांत शिकतात. तेथील साहित्य विषयाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा येतो, आणि पुष्कळदा तो उतारा म्हणजे कविता असते. स्टँडर्ड स्तरावर वेळ पंचाहत्तर मिनिटांचा, गुण वीस, आणि सोबत दिशा दाखविणारा एक प्रश्न. या मुलांना घरी मदत करताना आमचे पालक स्वतःच्या शालेय दिवसांतील हत्यार काढतात : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तीन कप्पे करावेत, प्रत्येकात सापडेल ते भरावे, शेवटी कवीची थोरवी गावी. या परीक्षेपुरते हे हत्यार निरुपयोगी आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दहावीच्या चार गुणांच्या रसग्रहणात, शिकविलेल्या कवितेच्या चार ओळींपुरते, हे कप्पे मुलाला आधार देतात, हे आम्हांला मान्य आहे. परंतु येथे वीस गुणांची विभागणी चार समान भागांत होते : आकलन, विश्लेषण, मांडणी आणि भाषा. अलंकाराचे नुसते नाव ओळखल्याबद्दल त्यांत एकही गुण नाही. त्या योजनेने अर्थ कसा घडला, हे सांगितले तरच गुण. आणि कप्प्यांची पद्धत नेमका हाच सांधा तोडते, कारण अर्थ पहिल्या कप्प्यात बसतो आणि भाषा तिसऱ्यात.

बोलणे मोघम राहू नये म्हणून आम्ही या लेखापुरत्या आठ ओळी रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांचा अभिमान नाही; उदाहरणास त्या पुरतील.

आईने दारास लावले कुलूप,
दोनदा ओढून पाहिले;
अंगणी तुळस, कोनाडी दिवा,
पाणी रांजणी राहिले.

गाडी सुटली, गाव सरले,
मुठीत किल्ली ऊन होती;
भाड्याच्या घरात खिळा ठोकला,
किल्ली तिथे आहे, दार नाही.

सोबतचा प्रश्न असा समजू : वस्तूंच्या उल्लेखांतून या कवितेत भावना कशी व्यक्त होते?

पहिल्या वाचनात लेखणीला हात लावू नये. कोण बोलते, कोणाविषयी, कोठून कोठे, एवढेच पाहावे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता कविता वाचायला दिल्या व त्यांचे अभिप्राय १९२९ साली ग्रंथरूपाने तपासले. तेव्हा दिसले ते हे की, सुशिक्षित वाचकही कवितेचा साधा अर्थ चुकवितो, किंवा मनात आधीच तयार असलेली भावना कवितेवर चिकटवितो. आमच्या आठ ओळींपुढे बसलेला मुलगा ‘गाव धरणाखाली गेले’ असे लिहून मोकळा होईल, किंवा मातृभूमीच्या प्रेमावर पानभर लिहील. कवितेत धरण नाही. मातृभूमी हा शब्दही नाही. ‘दार नाही’ म्हणजे दार दूर आहे, की परके झाले, की उरलेच नाही, हे कविता मोकळे ठेवते. ते मोकळेपण नोंदवावे, बुजवू नये.

दुसऱ्या वाचनात कविता कोठे वळते ते शोधावे. येथे पहिली सात ओळी भूतकाळात आहेत. आठवीत एकदम ‘आहे’ आणि ‘नाही’ येतात. पहिल्या कडव्यात ‘पाहिले’ला ‘राहिले’ जुळते. दुसऱ्यात ‘होती’ला उत्तर मिळतच नाही. वळण सापडले की मांडणी सापडली. मग एकच वाक्य लिहावे, ज्यावर सारा निबंध उभा राहील : ही कविता घर सुटल्याचे दुःख उघड सांगत नाही; घराची काळजी घेण्याची सवय उरते, पण तिला टेकायला जागा उरत नाही, हे ती वस्तूंच्या प्रवासातून दाखविते. येथवर पंधरा मिनिटे गेली तर ती वाया गेली असे मानू नये.

पुढची चाळीस मिनिटे तीन परिच्छेदांची. पहिला परिच्छेद पहिल्या कडव्यावर. तुळशीला पाणी लागते, दिव्याला तेल. रांजणात पाणी आहे ते कोणी परत येईल म्हणून. या वस्तू शोभेच्या नाहीत, रोज हात मागणाऱ्या आहेत, आणि जुळलेले यमक ती घडी अजून विस्कटलेली नाही असे भासविते. दुसरा परिच्छेद मुठीतील किल्लीवर. इतक्या वस्तूंपैकी एकच सोबत आली, आणि ‘ऊन’ या एका शब्दाने ती किती घट्ट धरली होती ते न सांगता कळते. तिसरा परिच्छेद शेवटच्या दोन ओळींवर. खिळा कोणी ठोकला ते सांगितलेले नाही. पहिल्या ओळीतील आई वाक्यातून नाहीशी झाली आहे. यमक तुटते, काळ बदलतो, ओळ मधोमध चिरते. काळ, यमक आणि वाक्यरचना यांची नावे येथे आपोआप आली. प्रत्येक नाव अर्थाच्या कामाला जुंपलेले आहे.

मांडणी बिघडली की नाही, हे ओळखण्याची आमची कसोटी सोपी आहे. परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडले नाही, तर ती मांडणी नव्हे, यादी आहे. कप्प्यांचे रसग्रहण या कसोटीवर हटकून पडते : भाषिक वैशिष्ट्ये आधी घ्या वा नंतर, फरक काय पडतो? वरील तीन परिच्छेद मात्र हलविता येत नाहीत, कारण किल्ली थंड खिळ्यावर जाण्याआधी मुठीत ऊन असावी लागते.

कोणी म्हणेल, सर्वच कविता अशा वळत नाहीत. खरे आहे. एकाच भावावर स्थिर राहणारी कविता आली, तर उघड दिसणाऱ्या गोष्टीपासून कमी दिसणाऱ्या गोष्टीकडे जावे. पण तेथेही प्रत्येक परिच्छेदाने मागच्यापेक्षा काही अधिक सांगितले पाहिजे. ओळीमागून ओळ अर्थ सांगत जाणेही कप्प्यांपेक्षा बरे. फक्त त्यात बहुधा घड्याळ संपते आणि शेवटची ओळ, म्हणजे कवितेचे मर्म, बाहेर राहते.

म्हणून घड्याळाचा एक नियम कडक पाळावा. पंचावन्न मिनिटे झाली की तिसरा परिच्छेद अपुरा असला तरी थांबावे आणि शेवटच्या परिच्छेदास दहा मिनिटे द्यावीत. उरलेली दहा पुन्हा वाचण्यासाठी. शेवटच्या परिच्छेदात आधीचे पुन्हा सांगू नये, कवीला प्रशस्तिपत्रही देऊ नये. कवितेच्या आरंभाकडे परत जावे आणि आता तो कसा वेगळा वाचला जातो ते लिहावे. आईने कुलूप ‘दोनदा’ ओढून पाहिले, ते प्रथम वाचताना नुसते सावधपण वाटले होते. शेवटची ओळ वाचल्यावर कळते की, ज्या दाराची तिने इतकी खात्री करून घेतली, तेच हातचे गेले. हे वाक्य तीन कप्प्यांपैकी कोणत्याही कप्प्यात मावत नाही. परीक्षक मात्र त्याचीच वाट पाहत असतो.