आम्लात पाणी ओतू नका

जळगाव-धुळ्याच्या केळीबागांत ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजल्या की आम्ल सोडतात, आणि तिथली पहिली सूचना अशी: आम्ल पाण्यात घाला, आम्लात पाणी ओतू नका. ठिबकचा संच व्हिएतनामला पाठवायचा तर हीच ओळ व्हिएतनामीत लागते. तिथल्या नियमांनुसार आयात मालाच्या लेबलवर सक्तीचा मजकूर व्हिएतनामीत हवा. तिथे मनाईची रूपे अनेक आहेत. ‘डुंग’ म्हटले की घरच्या माणसाने दिलेला सल्ला वाटतो, ‘खोंग डुओक’ म्हणजे करायचेच नाही. एका ओळीत ‘डुंग’ आणि पुढच्या ओळीत ‘खोंग डुओक’ वापरले, तर वाचणारा पहिली सूचना कमी महत्त्वाची समजतो. म्हणून मनाईला सगळीकडे ‘खोंग डुओक’, सक्तीला सगळीकडे ‘फाय’, एवढे आधी ठरवून घ्यावे. आकड्यांत धोका याहून मोठा. व्हिएतनाममध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब लिहितात. आपले ‘१.२५० लिटर आम्ल’ तसेच छापले तर ते साडेबाराशे लिटर वाचले जाईल. तिथे ‘१,२५’ हवे. दाबाचेही तसेच. फिल्टरवरचा कमाल २.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब म्हणजे ०.२४५ मेगापास्कल, कमाल मर्यादा असल्याने तो ०,२४ असा खालीच उतरवावा, ०,२५ नव्हे. छपाईपूर्वी व्हिएतनामी शेतकऱ्याकडून लेबल मोठ्याने वाचून घ्या आणि किती आम्ल मोजणार, हे त्याला विचारा.