आधी रांग, मग गाणं



घरात चार माणसं आणि गाणी वाजवणारा स्पीकर एक, अशी आता बहुतेक घरांची रीत झाली आहे. त्यावर सकाळी सासूबाईंची स्तवनं लागतात, दुपारी स्वयंपाकघरात आपली गाणी, संध्याकाळी मुलांची. या सगळ्यात एक गोष्ट रोज घडते. एकीने जुळवून लावलेली यादी चालू असते, दुसरी फोन हातात घेते, आपलं गाणं शोधते आणि त्यावर सरळ बोट ठेवते. चालू गाणं ओळीच्या मध्येच तुटतं आणि मागची यादीही जाते. माझं म्हणणं असं की फर्माईश जरूर करावी, पण चालू यादीला हात न लावता करावी. त्याची सोय फोनमध्येच आहे.

गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की ॲप समजतं, आता जुनं सोडून इथून सुरू करायचं. नावाशेजारचे तीन ठिपके दाबले की मात्र वेगळे पर्याय उघडतात. त्यात Add to queue असतं, काही ॲपमध्ये Play next ही असतं. हे दाबल्यावर गाणं लगेच वाजत नाही, रांगेत जाऊन बसतं. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यांना कुणाला न उठवता पाट मांडून द्यावा, तसं. तिथेच Add to playlist असंही असतं, ते या कामाचं नाही. त्याने गाणं यादीत कायमचं जातं आणि उद्याही वाजतं. रांग तात्पुरती असते, जपून ठेवलेल्या यादीत तिने काही बदलत नाही.

घोळ होतो तो शब्दांचा. Add to queue हेच शब्द दोन ॲपमध्ये दोन अर्थांनी येतात. यूट्यूब म्युझिकमध्ये Play next म्हणजे चालू गाण्याच्या लगेच नंतर, आणि Add to queue म्हणजे लावलेल्या सगळ्या यादीच्या शेवटी. स्पॉटिफायमध्ये Add to queue केलेलं गाणं चालू गाणं संपताच येतं, यादीतलं पुढचं गाणं त्याच्यासाठी थांबतं. स्पॉटिफायचं मी सांगते ते वर्गणी भरलेल्या खात्याचं.

डोहाळजेवणाचं उदाहरण घेऊ. जाऊबाईंनी पंचवीस गाण्यांची यादी आधीच बसवली आहे. पाहुण्या येताना नुसती सनई, ओटी भरताना पाळण्याची गाणी, जेवणं सुरू झाली की जुनी भावगीतं. सातवं गाणं चालू आहे आणि आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ते नाट्यगीत लाव ना." मागोमाग मामींनी एक भजन सांगितलं.

यूट्यूब म्युझिकवर दोन्ही Add to queue केली, तर ती सव्विसावी आणि सत्ताविसावी होतील. मधली अठरा गाणी पाच-पाच मिनिटांची धरली तरी नव्वद मिनिटं झाली. तोवर आत्याबाई घरी पोचलेल्या असतील, आणि आपण लावलं नाही असंच त्यांना वाटेल. म्हणून इथे Play next हवं. पण त्यातही एक खुबी आहे. Play next केलेलं प्रत्येक गाणं चालू गाण्याच्या लगेच खाली बसतं. आधी नाट्यगीत टाकलं आणि मग भजन, तर भजन वर बसून आधी वाजेल. आत्याबाईंचं आधी हवं, तर भजन आधी टाका आणि नाट्यगीत नंतर. म्हणजे सातवं संपलं की नाट्यगीत, मग भजन, आणि मग जाऊबाईंचं आठवं, जसं होतं तसं.

स्पॉटिफायवर असा उलटा हिशेब नाही. जे आधी टाकाल ते आधी वाजेल. दोन्ही संपली की यादी आठव्यापासून पुढे चालते.

काम नीट झालं का, हे वाजेपर्यंत वाट न बघता कळतं. यूट्यूब म्युझिकमध्ये चालू गाण्याच्या पडद्यावर खाली UP NEXT असतं. ते उघडलं की पुढची सगळी रांग दिसते. स्पॉटिफायमध्ये त्याच ठिकाणी कोपऱ्यात आडव्या रेघांचं चिन्ह असतं. ते दाबलं की Next in queue खाली आपण टाकलेली गाणी दिसतात आणि त्याखाली Next from, आणि पुढे यादीचं नाव. ते नाव जाऊबाईंच्या यादीचं असेल, तर यादी शाबूत आहे. वेगळं काही दिसलं, तर कुणीतरी गाण्यावर सरळ बोट ठेवलेलं आहे. मग यादी उघडून आठव्या गाण्यापासून पुन्हा लावायची. रांगेतली गाणी याच पडद्यावर बोटाने धरून वरखालीही करता येतात. रांग बरोबर असून पुढे सरकतच नसेल, एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत असेल, तर बाणांच्या चिन्हावर छोटा १ दिसतो का पाहा. तेच गाणं परत वाजवण्याची ती खूण आहे. ती काढली की रांग चालू लागते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्पॉटिफायवर रांगेतली न वाजलेली गाणी यादी बदलली तरी जात नाहीत. डोहाळजेवणात मुलींनी शेवटी नाचाची पाच गाणी रांगेत टाकली, दोन वाजली आणि स्पीकर बंद झाला, असं समजा. सकाळी सासूबाई त्याच खात्यावर त्यांची स्तवनं लावतात. पहिलं स्तवन संपतं आणि दुसऱ्याच्या जागी उरलेलं तिसरं नाचाचं गाणं सुरू होतं. त्यांना वाटतं, यादीच कुणी बिघडवली. यादी ठीकच असते, कालची रांग रिकामी करायची राहिलेली असते. Next in queue च्या शेजारी Clear queue असतं, ते एकदा दाबलं की झालं. कार्यक्रमाच्या शेवटी भांडी आवरतो तशी रांगही आवरावी, आणि ज्याने गाणी टाकली त्यानेच ती आवरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जणी म्हणतील, एका गाण्यासाठी एवढा सोपस्कार कशाला, लावलं आणि झालं! पण यादीचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. ओटीच्या वेळी पाळणा यावा म्हणून जाऊबाईंनी आदल्या रात्री बसून गाणी मागेपुढे केली. सासूबाईंना त्यांच्या स्तवनांचा क्रम पाठ आहे, पण बिघडला तर फोनवर तो परत लावणं त्यांना जमत नाही. ज्यांना दुरुस्त करता येत नाही, त्यांची यादी मोडण्याआधी आपण दोन वेळा बोट दाबायला काय हरकत आहे? आत्याबाईंचं नाट्यगीत चार मिनिटं उशिरा आलं, तरी त्यांना तितकंच गोड लागतं.

म्हणून मुलांना फोन देताना मी एवढंच सांगते, गाण्यावर बोट नाही, तीन ठिपक्यांवर.