रविवारची झोप कोण पळवतं?

माझ्या ओळखीच्या एक ताई ठेकेदारामार्फत एका ऑफिसात हाऊसकीपिंगचं काम करतात. परवा बीपी तपासायला आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, आठवडाभर अंग टाकलं की झोप लागते. रविवारी मात्र दहाला आडवी होते आणि एक-दीडपर्यंत छताकडे बघत राहते. छातीत धडधड होते. मला काही झालंय का?"

मी त्यांना औषध विचारण्याआधी रविवार कसा जातो ते विचारलं. शनिवारी रात्री साडेबारापर्यंत टीव्ही. रविवारी साडेआठला उठणं, कारण त्या दिवशी पाणी थोरली मुलगी भरते. मग धुणं, मटण, सगळ्यांची जेवणं. तीनला डोळा लागतो तो साडेपाचला उघडतो. आणि रात्री दहाला अंथरूण, कारण सोमवारी पावणेपाचचा गजर असतो.

आता हिशोब करा. इतर दिवशी ताई पावणेपाचला उठतात आणि साडेदहाला झोपतात, म्हणजे जवळपास अठरा तास जाग्या असतात. जितका वेळ आपण जागे राहतो तितकी शरीरात झोपेची ओढ साठत जाते. रविवारी दुपारी त्यांनी ही साठलेली ओढ बरीचशी खर्च केली आणि साडेचार तासांनी पुन्हा झोप मागितली. शिवाय सकाळी पावणेचार तास उशिरा उठल्यामुळे शरीराचं घड्याळही मागे पडलं. दहा वाजता त्या शरीराला रात्र झालीय असं वाटतच नाही.

मग त्या रिकाम्या अंधारात सोमवार येऊन बसतो. आपण म्हणतो, काळजीमुळे झोप येत नाही. पण इथे निम्मी गोष्ट उलटी आहे. झोप आलेली नसते म्हणून काळजीला मोकळी जागा मिळते. दोन-चार रविवार असे गेले की अंथरूण बघूनच धडधड सुरू होते.

उरलेली निम्मी काळजी मात्र खरी आहे, आणि ती ताईंच्या स्वभावातून आलेली नाही. उद्या कोणाची ड्युटी कुठे, हा मेसेज सुपरवायझर रविवारी रात्री अकराला ग्रुपवर टाकतो. यादीत नाव नसेल तर खाडा. म्हणून फोन उशाखाली. अशा बाईला "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून लढा दिला, तेव्हा 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीची रात्र एका मेसेजने परत घ्यायची, हे मला साधं वाटत नाही.

ताईंना मी सांगितलं ते असं. रविवारी साडेसहापर्यंत उठा. दुपारी झोपायचं तर तीनच्या आत आणि अर्धा तासच, मुलीला उठवायला सांगा. रात्री डोळे जड झाल्याशिवाय आडवं होऊ नका, मग अकरा वाजले तरी चालेल. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा. त्या म्हणाल्या, "एका खोलीत पाच माणसं, जाऊ कुठे?" दाराशी बसा, मंद उजेडात कपड्यांच्या घड्या करा, फोन मात्र नको. डोळा मिटायला लागला की परत या. घड्याळाकडे बघू नका. आणि सोमवारची पिशवी, डब्याची भाजी, कोणाला पैसे द्यायचे, हे सगळं संध्याकाळी सहालाच वहीत लिहून टाका.

शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका, हेही सांगितलं. घरातल्या पुरुषांसाठी एक: दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरताना पहाटेची झोप मोडते.

झोप आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त जात असेल आणि असं महिनोन् महिने चाललं असेल, तर ही रविवारची गोष्ट राहिली नाही, दवाखान्यात दाखवा. दोन आठवडे मन सतत उदास असेल, जगणं नको वाटत असेल तर थांबूच नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ती काळजीची धडधड समजून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

पहिल्या रविवारी ताईंना जमलं नाही, पाहुणे आले होते. तिसऱ्या रविवारी साडेअकराला झोप लागली. यादीसाठी आठ जणी मिळून सुपरवायझरकडे गेल्या. शनिवारी संध्याकाळी द्या, अशी मागणी होती. त्याने आधी उडवून लावलं, मग रविवारी आठ वाजता द्यायला तयार झाला. शनिवारसाठी त्या पुन्हा जाणार आहेत.